तिकडे मंदी आली की इकडे काय होतं: परदेशातून येणाऱ्या पैशाबद्दलच्या एका संदेशाला उत्तर

सध्या खूप फिरणारा संदेश असा आहे:

"परदेशातल्या आपल्या माणसांनी २०२४-२५ मध्ये १३५ अब्ज डॉलर घरी पाठवले. रुपयाचा खरा पाया हाच आहे. रुपया घसरला की ते आणखी जास्त पाठवतात, त्यामुळे घसरण आपोआप थांबते. तिकडे मंदी आली तरी हा पैसा आटत नाही, कोरोनात सगळं जग बंद असताना हे सिद्ध झालं. ज्यांच्या घरी गल्फ-अमेरिकेतून पैसा येतो त्यांनी मंदीची काळजी करू नये."

यात चार विधानं आहेत. पहिल्यातला आकडा खरा आहे, दुसरं अर्धं खरं आहे, तिसऱ्याचा पुरावा चुकीचा वाचला आहे आणि चौथं धोकादायक आहे, कारण त्यावर विसंबून लोक कर्ज काढतात.

१. आकडा खरा, पण त्याचा अर्थ वेगळा

रिझर्व्ह बँक देशाच्या परदेशी व्यवहारांचा जो हिशेब दर तिमाहीला काढते, त्यात हा पैसा 'खासगी हस्तांतरण' या नावाखाली येतो. २०२४-२५ मध्ये तो १३५ अब्ज डॉलरच्या थोडा वर होता. मात्र हा सगळा पैसा त्या वर्षी बाहेरून आलेले ताजे डॉलर नव्हेत. त्यात दोन मोठे भाग असतात.

पहिला भाग सगळ्यांना माहीत असलेला. दुबईतला कामगार एक्स्चेंज हाऊसमध्ये १,५०० दिरहॅम भरतो. एक्स्चेंज हाऊस त्याचे डॉलर करून भारतीय बँकेच्या परदेशातल्या खात्यात जमा करतं, आणि ती बँक त्याच्या घरच्या खात्यात रुपये टाकते. बँकेकडे आलेले डॉलर मग आयातदाराला किंवा बाजारात विकले जातात. रुपयाला आधार मिळतो तो या विक्रीमुळे.

दुसरा भाग म्हणजे अनिवासी भारतीयांच्या एनआरई खात्यातून भारतातच काढलेले रुपये. समजा, एखाद्याने सहा वर्षांपूर्वी एनआरई खात्यात दहा लाखांची मुदत ठेव केली आणि यंदा चिपळूणच्या घराचं काम काढलं म्हणून ती मोडली. परदेशी व्यवहारांच्या त्याच हिशेबात हे दहा लाख यंदाचं खासगी हस्तांतरण म्हणून धरले जातात. डॉलर मात्र सहा वर्षांपूर्वीच येऊन गेले. त्याच वेळी भांडवली खात्यात, म्हणजे हिशेबाच्या ठेवी-गुंतवणूक-कर्जांच्या बाजूला, ठेवी तेवढ्याने कमी झाल्याची नोंद होते. म्हणजे चालू खातं, अर्थात व्यापार आणि पाठवलेल्या पैशाची बाजू, सुधारलेलं दिसतं, भांडवली खातं तेवढंच बिघडतं, आणि बाजारात नवा डॉलर एकही येत नाही. तेव्हा एकूण आकडा वाढला म्हणून रुपयाखालचा आधार तेवढाच वाढला, असं म्हणता येत नाही.

आता 'पाया' या शब्दाकडे वळू. २०२४-२५ मध्ये वस्तूंच्या व्यापारातली तूट सुमारे २८७ अब्ज डॉलर होती. सॉफ्टवेअर आणि इतर सेवांच्या व्यापारातून सुमारे १८९ अब्ज निव्वळ मिळाले. खासगी हस्तांतरण धरून आणि गुंतवणुकीवरचं व्याज-लाभांश वजा जाता चालू खात्यावर सुमारे २३ अब्जांची तूट उरली, म्हणजे जीडीपीच्या ०.६ टक्के. या पैशाशिवाय ही तूट कितीतरी मोठी असती, हे निर्विवाद. पण रुपयाचा भाव रोज ठरतो तो डॉलरच्या मागणी-पुरवठ्यात आज काय बदललं त्यावरून. दरमहा नेमाने येणारी रक्कम बाजाराने आधीच धरलेली असते. बदल घडवतात शेअर-रोख्यांतून निघून जाणारा पैसा, कच्च्या तेलाचा भाव आणि अमेरिकेतले व्याजदर.

२०२२ मध्ये भारतात आलेला पैसा इतिहासात पहिल्यांदा १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला. त्याच वर्षी डॉलर सुमारे ७४ रुपयांवरून ८२-८३ रुपयांवर गेला. २०१३ मध्येही असा पैसा मिळवण्यात भारत जगात पहिला होता, आणि त्या ऑगस्टमध्ये रुपया काही आठवड्यांत ६८ च्या पलीकडे घसरला. तेव्हा रिझर्व्ह बँकेला बँकांसाठी डॉलर-रुपये अदलाबदलीची सवलतीची सोय उघडून अनिवासी भारतीयांच्या परकी चलनातल्या ठेवींतून, म्हणजे एफसीएनआर(बी) ठेवींतून, २६ अब्ज डॉलर गोळा करावे लागले. या ठेवी म्हणजे उसने डॉलर, मुदत संपली की परत द्यायचे. घरखर्चाला पाठवलेला पैसा परत मागता येत नाही, ठेव परत मागता येते. 'एनआरआय लोकांचा पैसा' म्हणून दोन्ही एकाच पिशवीत टाकले की धोका दिसेनासा होतो.

तो १९९०-९१ मध्ये दिसला होता. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं आणि तिथून येणारा पैसा थांबला. तेलाचा भाव चढला. त्याच शरद ऋतूत देशाची पत घसरू लागल्यावर अनिवासी ठेवीही निघून जाऊ लागल्या. मे १९९१ मध्ये स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं परदेशात गेलं, जुलैमध्ये आणखी सुमारे ४७ टन बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून गेलं, आणि जुलैच्याच पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं. याला एकटा आखाती पैसा कारण नव्हता. तेल, कर्ज आणि राजकीय अस्थिरता यांचा वाटा मोठा होता. पण संकटात सगळ्या बाजू एकाच वेळी कशा फिरतात, ते यात दिसतं.

तेव्हाच्या मानाने आज देशाची गंगाजळी कितीतरी मोठी आहे, आणि हेही सांगायला हवं की देशाच्या पातळीवरचा धक्का पेलण्याजोगा आहे. १३५ अब्जांत दहा टक्के घट झाली आणि बाकी काहीच बदललं नाही, तर चालू खात्याची तूट २३ वरून साधारण ३७ अब्जांवर जाईल, म्हणजे जीडीपीच्या एक टक्क्याच्या आत. त्याने देश कोसळत नाही. धोका आहे तो दुसरीकडे.

२. रुपया घसरला की जास्त पाठवतात का?

पैसे पाठवणारे दोन प्रकारचे असतात. एक, बचत करणारा. गावाकडे जमीन घ्यायची आहे, एफडी करायची आहे. त्याला भाव चांगला मिळाला की तो लगेच पाठवतो. पुढच्या महिन्यात पाठवायचे ते आजच पाठवतो, म्हणून एक्स्चेंज हाऊससमोर रांगा लागतात आणि त्यांचे फोटो फिरतात. पण त्यातली बरीच रक्कम नुसती आधी आलेली असते, जास्तीची नसते. दुसरा, घरखर्चापुरतं पाठवणारा. त्याच्या घरी महिन्याला ठरावीक रुपये लागतात. रुपया पडला की त्याला तेवढ्याच रुपयांसाठी कमी दिरहॅम लागतात.

प्रत्यक्ष हिशेब करू. दिरहॅमचा भाव १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे. २०१४ च्या मध्याला डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दिरहॅम १६ रुपये ३० पैसे. घरी महिन्याला २०,००० रुपये द्यायचे तर सुमारे १,२२५ दिरहॅम लागत. फेब्रुवारी २०१६ मध्ये डॉलर ६८ च्या वर गेला आणि दिरहॅम साडेअठरा रुपयांचा झाला. त्याच २०,००० साठी आता १,०८० दिरहॅम पुरले. घरी रक्कम तेवढीच पोचली, पण देशात येणारे डॉलर त्या एका माणसाकडून महिन्याला ४० ने कमी झाले.

या दोन प्रकारांतला कोणता भारी पडतो, ते काळावर अवलंबून असतं. २०१४ ते २०१६ या काळात रुपया सतत घसरत होता. संदेश खरा असता तर पैसा वाढायला हवा होता. जागतिक बँकेच्या आकड्यांप्रमाणे तो २०१४ मध्ये ७० अब्ज डॉलरच्या थोडा वर होता, २०१५ मध्ये ६९ अब्जांच्या आसपास आला आणि २०१६ मध्ये ६३ अब्जांच्याही खाली गेला. दोन वर्षांत सुमारे ११ टक्के घट, तीही चांगला भाव मिळत असताना.

कारण तेल. जून २०१४ मध्ये ब्रेंट कच्चं तेल पिंपाला ११५ डॉलरपर्यंत गेलं होतं, जानेवारी २०१६ मध्ये ते ३० च्या खाली आलं. आखाती देशांची चलनं डॉलरला बांधलेली, त्यामुळे चलनाचा भाव पडून धक्का शोषला जायचा मार्ग तिथे नाही. मग तो उतरतो सरकारी कामांवर, ठेकेदारांवर आणि शेवटी मजुरांच्या पगारावर. सौदी सरकारने बांधकामांची देणी लांबवली, ठेकेदार अडकले, कामगारांचे पगार महिनोन् महिने थकले. २०१६ च्या जुलैअखेर परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी सौदीत दहा हजारांहून जास्त भारतीयांची उपासमार होत असल्याचं जाहीरपणे सांगितलं, वकिलातीला छावण्यांत अन्न पोचवावं लागलं आणि राज्यमंत्री व्ही. के. सिंग जेद्दाला गेले. त्या कामगारांना दिरहॅम-रियालचा चढा भाव मिळून उपयोग नव्हता, कारण पाठवायला हातात पगारच नव्हता.

याच काळात देशाच्या हिशेबात उलटं घडलं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. २०१४-१५ मध्ये भारताचं तेल-आयातीचं बिल सुमारे १३८ अब्ज डॉलर होतं, पुढच्या वर्षी ते ८३ अब्जांवर आलं. आखातातून येणाऱ्या पैशातली घट या बचतीपुढे लहान होती. चालू खात्याची तूट कमी झाली. म्हणजे तेल पडल्यामुळे येणाऱ्या मंदीत भारताचा फायदा होतो आणि आखातावर अवलंबून असलेल्या घराचं नुकसान होतं. खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धनच्या ज्या घरांतला कर्ता पुरुष आखातात आहे, त्यांना देशाच्या स्वस्त तेलाने त्यांचा पगार भरून मिळत नाही. रुपयाची तब्येत आणि घराची तब्येत यांचा संबंध संदेशात गृहीत धरला आहे तसा सरळ नाही.

आता अशी स्थिती पाहू, जिथे यजमान देशाचं चलनच पडतं. ताजिकिस्तानचे लाखो लोक रशियात काम करतात. २०१३ मध्ये त्यांनी पाठवलेला पैसा देशाच्या जीडीपीच्या चाळीस टक्क्यांहून जास्त होता. २०१४ मध्ये तेल पडलं, युक्रेनवरून निर्बंध आले, आणि रूबल डॉलरला ३४ वरून २०१५ अखेर ७३ च्या आसपास गेला. मॉस्कोतल्या मजुराने पाठवलेल्या १५,००० रूबलचे २०१४ च्या मध्याला सुमारे ४४० डॉलर होत, आणि घरी ताजिकिस्तानच्या चलनात सुमारे २,१६० सोमोनी मिळत. २०१५ अखेर त्याच १५,००० रूबलचे २०५ डॉलर उरले. सोमोनीही डॉलरला ४.९ वरून ७ पर्यंत घसरला होता, म्हणजे संदेशाच्या हिशेबाने घरच्यांना दिलासा मिळायला हवा. तरी हाती आले साधारण १,४४० सोमोनी, एक तृतीयांश कमी. आणि हे ज्याची नोकरी टिकली त्याचं. पीठ, तेल, औषधं आयातीची, ती दरम्यान महागली.

पुढे ते बँकांपर्यंत पोचलं. लोकांनी आणि व्यापाऱ्यांनी डॉलरमध्ये कर्जं घेतली होती, उत्पन्न रूबल-सोमोनीत होतं. हप्ते थकले, आणि २०१६ च्या अखेरीस सरकारला मोठ्या बँकांत भांडवल ओतावं लागलं. त्यातल्या दोन मोठ्या बँकांचे परवाने पुढे २०२१ मध्ये रद्द झाले. सोमोनीच्या घसरणीने पडझड थांबली नाही. तिने कर्ज फेडणं आणखी अवघड केलं.

चलन कृत्रिमरीत्या धरून ठेवलं तर काय होतं, हे श्रीलंकेत दिसलं. २०२१ मध्ये अधिकृत भाव डॉलरला २०० श्रीलंकन रुपयांच्या आसपास बांधून ठेवला होता, बाहेर त्याहून बराच जास्त मिळत होता. लोक बँक सोडून हवालाकडे वळले, त्याला तिथे उंडियाल म्हणतात. बँकांमार्फत येणारा पैसा २०२० मध्ये ७.१ अब्ज डॉलर होता, २०२१ मध्ये ५.५ आणि २०२२ मध्ये ३.८ अब्ज झाला. मध्यवर्ती बँकेने डॉलरमागे दहा रुपयांचं बक्षीस देऊ केलं, पण फरक त्याहून मोठा होता. माणसं तेवढीच तिकडे होती आणि घरीही पैसा पोचत होता. देशाला मात्र डॉलर मिळत नव्हते. चलनाला आधार तेव्हाच मिळतो जेव्हा पैसा बँकेच्या वाटेने येतो, आणि त्या वाटेने तो येतो तो तिथला भाव प्रामाणिक असेल तर.

३. कोरोनाने नेमकं काय सिद्ध केलं?

एप्रिल २०२० मध्ये जागतिक बँकेने भारताचा हा पैसा त्या वर्षी २३ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात घट ०.२ टक्के झाली, ८३ अब्ज डॉलर आलेच. संदेशाचा सगळा भर या एका आकड्यावर आहे.

हा आकडा उघडून पाहिला तर आत वेगळं चित्र दिसतं. जागतिक बँकेच्याच पुढच्या वर्षीच्या टिपणाप्रमाणे संयुक्त अरब अमिरातीतून भारतात येणारा पैसा २०२० मध्ये १७ टक्क्यांनी घटला, आणि अमेरिका व इतर देशांतून येणारा टिकून राहिला. एकाची घट दुसऱ्यात दिसेनाशी झाली. अमेरिकेतला सॉफ्टवेअर इंजिनिअर घरून काम करत होता, पगार चालू होता. दुबईतल्या हॉटेलातला वेटर बिनपगारी बसला होता. सरासरीत दोघे एक झाले.

शिवाय त्या वर्षी तीन गोष्टी अशा होत्या ज्या नेहमीच्या मंदीत नसतात. विमानं बंद, त्यामुळे खिशातून आणलेली रोकड आणि हवाल्याचं बरंच काम बँकेकडे वळलं. पूर्वी मोजला न जाणारा पैसा मोजला गेला, म्हणून एकूण पैसा न वाढताही आकडा जास्त दिसला. दुसरी, श्रीमंत देशांच्या सरकारांनी लोकांच्या हातात थेट पैसे दिले. तिसरी आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची: परत येणारा माणूस शेवटची शिल्लक घेऊन येतो.

अमिरातीच्या कामगार कायद्यात नोकरी संपताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. भत्ते धरत नाहीत. समजा, रत्नागिरीचा एक फोरमन आठ वर्षं काम करून २०२० मध्ये कामावरून कमी झाला, मूळ पगार १,५०० दिरहॅम, म्हणजे दिवसाला ५०. पाच वर्षांचे १०५ दिवस, तीन वर्षांचे ९० दिवस, एकूण १९५ दिवस. ग्रॅच्युइटी झाली ९,७५० दिरहॅम, तेव्हाच्या भावाने जवळजवळ दोन लाख रुपये. तो दरमहा हजार दिरहॅम पाठवत असेल तर एका तिमाहीत जिथे तीन हजार यायचे तिथे जवळपास दहा हजार आले, आणि पुढच्या तिमाहीत शून्य. मे २०२० पासून वंदे भारत विमानांनी लोक परत येत होते, तेव्हा अशा असंख्य शेवटच्या रकमा त्या वर्षीच्या आकड्यात मिसळत होत्या. आकडा टिकला, असं जे दिसलं त्यात नोकऱ्या संपल्याचा पैसाही होता. त्यात एनआरई ठेवी मोडून काढलेले रुपये मिळवले तर आकडा आणखी फुगतो.

म्हणून मंदीच्या पहिल्या दोन-तीन तिमाहींतला आकडा बघून निर्धास्त होऊ नये. खरी घट नंतर दिसते. रिझर्व्ह बँकेच्या तपशीलवार तक्त्यांत घरखर्चासाठी आलेला पैसा आणि भारतात काढलेल्या ठेवी वेगवेगळ्या दाखवतात. पहिला थांबलेला आणि दुसरा वाढलेला दिसला, तर लोक कमाईतून नाही, शिलकीतून घर चालवत आहेत असं समजावं.

पुढच्या मंदीबद्दल एक वेगळी काळजी आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०१६-१७ मध्ये अमिरातीचा वाटा जवळजवळ २७ टक्के आणि अमेरिकेचा २३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये अमेरिका २७.७ टक्क्यांवर आणि अमिराती १९.२ टक्क्यांवर आली. अमेरिकेतले भारतीय जास्त कमावतात, नोकऱ्या जास्त स्थिर, म्हणून बरेच जण याला सुरक्षितता समजतात. पण आखाताची मंदी बहुतेकदा स्वस्त तेल घेऊन येते आणि देशाच्या एका खात्यातली तूट दुसऱ्यात भरून निघते. अमेरिकेत तंत्रज्ञान क्षेत्र मंदावलं तर तिथून येणारा पैसा, बंगळुरू-पुणे-हैदराबादची सॉफ्टवेअर निर्यात आणि शेअर बाजारातली परकी गुंतवणूक या तिन्ही गोष्टी एकदमच सैल पडू शकतात. एच-१बी वर नोकरी गेली तर नवी शोधायला सर्वसाधारणपणे ६० दिवस मिळतात, आणि त्या दोन महिन्यांत माणूस पैसे पाठवायच्या ऐवजी साठवतो. २००८-०९ मध्ये पाठवलेला पैसा फारसा घटला नाही हे खरं, ५० अब्जांवरून ४९ झाला. पण त्याच काळात डॉलर ४० रुपयांवरून ५० च्या पलीकडे गेला, परकी गुंतवणूकदारांनी पैसा काढल्यामुळे. पैसा येत राहणं आणि रुपया टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाही दिसलं होतं.

महाराष्ट्राबद्दल थोडं. त्याच २०२३-२४ च्या पाहणीत २०.५ टक्के वाट्यासह राज्य पहिलं आहे, केरळ १९.७ टक्क्यांसह दुसरं. आधीच्या २०२०-२१ च्या पाहणीत महाराष्ट्र ३५ टक्के दाखवला होता. तीन वर्षांत खरी माणसं एवढी हलत नाहीत. बँकांच्या नोंदी, मुंबईतली मुख्यालयं आणि खाती कुठे आहेत याचा यात परिणाम असतो. या टक्केवारीवरून कोकणात किती पैसा आला हे काढायला जाऊ नये.

४. घराने काळजी का करायची आणि कशी

देशाच्या आकड्यात एका घराचा पगार थांबणं दिसत नाही. घरात तो शंभर टक्के थांबतो. आणि अशा घरांचा खर्च साधारण दोन प्रकारचा असतो: किराणा, शाळा, औषधं यांचा, जो ओढाताण करून थोडा कमी करता येतो, आणि हप्त्यांचा, जो करता येत नाही. घरकर्ज, सोनं तारण, बायकोच्या नावावरचं बचत गटाचं कर्ज, एजंटाला व्हिसासाठी दिलेल्या पैशांचं व्याज. मंदीत घरं मोडतात ती दुसऱ्या प्रकारामुळे.

यासाठी एकच आकडा काढून ठेवावा: किती महिने तग धरता येईल. समजा, घराचा महिन्याचा खर्च २१,००० रुपये, त्यात ९,००० चा हप्ता आहे. गावातलं उत्पन्न, म्हणजे काजू-आंब्याचं, एखाद्या दुकानाचं भाडं वगैरे सरासरी ६,००० आहे. म्हणजे महिन्याला १५,००० ची तूट. वरच्या फोरमनची दोन लाखांची ग्रॅच्युइटी हातात धरली तर तेरा महिने निघतात. तीच रक्कम आल्याबरोबर दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबला घातली तर एकही महिना निघत नाही, आणि हप्ता मात्र चालू राहतो. परतून आलेल्या घरांत हीच चूक वारंवार होते. मोठी रक्कम एकदम दिसते म्हणून ती बांधकामात जाते, आणि तीन महिन्यांनी सोनं तारण ठेवावं लागतं.

मंदी घरापर्यंत येण्याचा एक क्रम असतो, आणि तो ओळखता येतो. आधी ओव्हरटाइम बंद होतो. आखातातल्या बऱ्याच मजुरांची घरी पाठवायची रक्कम ओव्हरटाइमवरच उभी असते, मूळ पगार तिथल्या जेवण-राहण्यात जातो, म्हणून नोकरी असूनही घरचा पैसा निम्मा होऊ शकतो. मग पगाराला उशीर होतो. अमिरातीत पगार वेतन संरक्षण व्यवस्थेतून बँकेमार्फत द्यावा लागतो, आणि देय तारखेनंतर १५ दिवस उलटले तर तो थकीत धरला जातो. दोन महिने सलग उशीर झाला तर ती कंपनी अडचणीत आहे असं समजून तक्रारीची आणि दुसऱ्या नोकरीची तयारी करावी. सहा महिने वाट बघत राहिलेल्यांचे पैसे मिळणं फार अवघड होतं. त्यानंतर व्हिसाचं नूतनीकरण लांबतं किंवा माणसाला 'सुट्टीवर जा, कळवतो' म्हणून घरी पाठवतात. ही सुट्टी बिनपगारी असेल तर तशी नोंद लेखी मागून घ्यावी, आणि परतीचं तिकीट व ग्रॅच्युइटीचा हिशेब कागदावर घेतल्याशिवाय सही करू नये.

बांधकाम, हॉटेल आणि विक्री यांत हा धक्का आधी बसतो. रुग्णालयं, वीज-पाणी आणि विमानतळाची कामं यांत उशिरा. कर्ता कोणत्या कामात आहे, त्यावरून किती महिन्यांची शिल्लक ठेवायची ते ठरवावं. बांधकामातल्या माणसाच्या घरी सहा महिन्यांचा खर्च हप्त्यांसकट वेगळा असायला हवा. परिचारिकेच्या घराला तीन महिन्यांचा बहुधा पुरेल.

अमिरातीत २०२३ पासून नोकरी गमावल्याचा विमा सक्तीचा आहे. मूळ पगार १६,००० दिरहॅमपर्यंत असेल तर हप्ता महिन्याला ५ दिरहॅम. किमान बारा महिने हप्ता भरलेला असेल तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. स्वतः राजीनामा दिला तर मिळत नाही, शिस्तभंगाने काढलं तर मिळत नाही, आणि घरकामगारांना तो लागूच नाही. दावा नोकरी गेल्यापासून ३० दिवसांत करायचा असतो. दबावाखाली राजीनाम्यावर सही केली की हा हक्क जातो, हे फोनवरून आधीच सांगून ठेवावं.

भारतात कायमचं परतल्यावर एनआरई खातं निवासी खात्यात बदलावं लागतं, तसं बँकेला कळवणं खातेदाराचं काम आहे. एफसीएनआर(बी) ठेव मुदत संपेपर्यंत तशीच चालू ठेवता येते. ती परकी चलनात असल्याने रुपया पडला तर खरी किंमत टिकते, म्हणून शिल्लक खर्च करायची वेळ आली तर आधी रुपयातल्या ठेवी वापराव्यात आणि ही शेवटी मोडावी. आणि हप्ता ठरवताना एक साधी मर्यादा पाळावी: गावातल्या उत्पन्नातून, परदेशातला पैसा शून्य धरून, जेवढा भरता येईल त्याच्या दुपटीपेक्षा जास्त हप्त्याचं कर्ज घेऊ नये. वरच्या घराचं सहा हजारांचं उत्पन्न बहुतेक घरखर्चातच जातं, हप्त्यासाठी त्यातून फार तर दोन हजार निघतात, म्हणजे मर्यादा चार हजारांची. त्याने नऊ हजारांचा हप्ता घेतला आहे. बँकेने पगाराच्या पत्रावर तो मंजूर केला असेल, पण ते पत्र परदेशातल्या नोकरीचं आहे.